कायम झाल्याची तारीख

गेल्या महिन्यांत एके दिवशीं दुपारीं आम्ही ओसरीवर वर्तमानपत्र चाळीत बसलों असतां एक जुन्या ओळखीचे गृहस्थ काखेंत कापडी पिशवी घेऊन दारांत उभे राहिले. गडचिरोली जिल्ह्यांतील एका वनपरिक्षेत्रांत त्यांचें सारें आयुष्य गेलें. प्रथम रोजंदारीचे मजूर म्हणून, मग कायम वनमजूर म्हणून, आणि २०२३ च्या जूनअखेर सेवानिवृत्त म्हणून. त्यांचा धाकटा मुलगा आमच्या वर्गांत होता, तेव्हांपासूनचा हा परिचय. सरकारी कागद आला कीं तो वाचून घेण्यासाठीं ते आमच्याकडे येतात. पिशवींतून त्यांनीं एकेक कागद काढून पुढें ठेवला आणि म्हणाले, "गुरुजी, माह्या बरोबरीचा गडी दर महिन्याले पेन्शन उचलते. आमी दोघंबी एकाच नर्सरीत रोपं लावली जी. मंग मले काऊन नाई?"

प्रश्न साधा होता. त्याचें उत्तर शोधतां शोधतां आमच्या दोन दुपारी गेल्या. जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटलें. कारण आमच्या वाचकांपैकीं कित्येक जण कोठें शाळेच्या, कोठें पतपेढीच्या, कोठें ग्रंथालयाच्या चालकमंडळावर आहेत, आणि अशा प्रत्येक संस्थेंत दहा-पंधरा वर्षें 'तात्पुरता' असलेला एखादा शिपाई किंवा माळी असतोच. त्याला कायम करावयाचें कीं नाहीं याचा खल बैठकींत पुष्कळ होतो. कोणत्या तारखेपासून करावयाचें याचा मात्र होत नाहीं. आमच्या या गृहस्थांचें जें नुकसान झालें तें कायम न केल्यामुळें नव्हे, तर तारखेमुळें झालें.

आधीं या कामाचें स्वरूप सांगितलें पाहिजे. चंद्रपूर आणि गडचिरोली हे १९८२ च्या ऑगस्टपर्यंत एकच जिल्हा होते. आलापल्ली, भामरागड, सिरोंचा, वडसा, ब्रह्मपुरी येथील जंगलांत वनखात्याचें काम बारा महिने चालतें, पण एकच काम बारा महिने चालत नाहीं. १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत आगीचा हंगाम. त्यांत जाळरेषा साफ करणें, पहारा करणें आणि वणवा लागला कीं हिरव्या फांद्यांनीं तो झोडपून विझविणें हीं कामें. पाऊस पडला कीं रोपवण. पाऊस सरला कीं निंदणी आणि कूपांतील काम. रोपवाटिकेंत पिशव्या भरणें आणि पाणी घालणें हें मधून मधून नेहमींचेंच. संस्कृताच्या वर्गांत आम्ही नित्य आणि नैमित्तिक असा भेद शिकवीत असूं. खातें या प्रत्येक कामाला नैमित्तिक म्हणतें. परंतु जें निमित्त दरवर्षीं ठरल्या पक्षाला उगवतें त्याला काय म्हणावें? मजूर तोच, जंगल तेंच, फक्त मस्टर, म्हणजे हजेरीपट, दर कामाला निराळा. पुढील सर्व घोटाळ्याचें मूळ या निराळ्या मस्टरांत आहे.

महाराष्ट्रांत १९७१ च्या एका कायद्यानें कामगारांशीं करावयाच्या अनुचित प्रथांची यादी केली. तींतील एक प्रथा अशी कीं, माणसाला बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरता म्हणून नेमावयाचें आणि कायम नोकराचा दर्जा व हक्क त्याला मिळूं नयेत या हेतूनें वर्षानुवर्षें तसेंच ठेवावयाचें. या कलमाचा आधार घेऊन वनखात्याचे मजूर न्यायालयांत गेले. तो खटला आमच्या जंगलांतला नव्हे. पुण्यास पर्वतीच्या मागें ज्या उघड्या टेकड्या आहेत, त्यांवर झाडें लावण्याची पांचगांव-पर्वती योजना खात्यानें हातीं घेतली होती, तेथील मजुरांचा. 'कोंढरे खटला' या नांवानें तो प्रसिद्ध आहे. सरकारचें म्हणणें असें कीं, वनें राखणें हें राज्याचें सार्वभौम कार्य होय, तो उद्योग नव्हे, म्हणून कामगारांचे कायदे येथें चालत नाहींत. सर्वोच्च न्यायालयानें तें मानलें नाहीं. शिवाय हेतु कसा सिद्ध करावयाचा या अडचणीवरही त्यानें उत्तर दिलें: पांच-सहा वर्षें माणसाला तात्पुरता ठेवला, तर हेतु त्यांतच दिसतो, निराळा पुरावा कशाला हवा? हा निकाल १९९५ च्या अखेरचा. त्याच्या पाठोपाठ, ३१ जानेवारी १९९६ रोजीं शासननिर्णय निघाला आणि राज्यभरांतील हजारों रोजंदारी वनमजूर त्यानें कायम झाले.

यासाठीं शासनानें 'अधिसंख्य' पदें निर्माण केलीं. मंजूर पदांच्या संख्येहून अधिक म्हणून अधिसंख्य. असें पद त्या माणसापुरतेंच असतें. तो निवृत्त झाला कीं त्याच्याबरोबर पदही संपतें. पद रिकामें नाहीं म्हणून कायम करतां येत नाहीं, असें सांगणाऱ्या चिटणीसांनीं ही युक्ति ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

निर्णयाची अट अशी होती: १ नोव्हेंबर १९९४ या दिवशीं मजुराचीं पांच वर्षें भरलेलीं असावीं आणि त्यांतील प्रत्येक वर्षीं त्यानें किमान २४० दिवस काम केलेलें असावें. हा २४० चा आंकडा खात्यानें मनानें काढलेला नव्हे. १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यांत वर्षभराच्या अखंड सेवेची व्याख्या या आंकड्यानें केली होती. जमिनीखालच्या खाणींत काम करणारांस १९० दिवस पुरत. आमच्या चंद्रपुराकडील कोळशाच्या खाणींमुळें तो आंकडाही इकडे अनेकांस पाठ असे.

आतां आमच्या गृहस्थांचा हिशेब पाहूं. ते १९८९ च्या पावसाळ्यानंतर कामावर लागले. पांच वर्षांचे दिवस कार्यालयानें काढलेल्या तक्त्यांत असे आहेत: २६२, २५१, २३१, २४७, २६६. तिसऱ्या वर्षीं नऊ दिवस कमी! ज्या सोबत्याविषयीं ते विचारीत होते त्याचीं पांचही वर्षें २४० च्या वर गेलीं आणि तो १९९६ च्या निर्णयांत बसला. यांचें नांव खालच्या यादींत, 'अपात्र' या शब्दासमोर राहिलें.

नऊ दिवस कां कमी पडले, असें आम्ही विचारलें. त्यांनीं उजव्या बाहीचें बटण सोडून कोपरापर्यंत हात दाखविला. कातडी आक्रसलेली, जुन्या भाजल्याची खूण. १९९२ च्या एप्रिलांत वणवा विझवितांना हात भाजला आणि तेवीस दिवस ते घरीं पडून होते. "हात जळला तवा हजेरी कोन मांडन जी?" असें ते म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यांत तक्रारीचा सूरही नव्हता.

पिशवीच्या तळाशीं प्राथमिक आरोग्य केंद्राचा चिठोरा निघाला. शाई फिकी पडलेली, पण तारीख वाचतां येत होती. तो वाचून आम्ही क्षणभर स्तब्ध झालों. कारण ज्या कायद्यानें २४० दिवस ठरविले, त्याच कायद्यानें कोणते दिवस त्यांत धरावे हेंही सांगितलें होतें. प्रत्यक्ष राबलेले दिवस तर खरेच. त्याखेरीज पूर्ण वेतनी रजेचे दिवस, बायकांच्या बाबतींत प्रसूतीच्या रजेचे ठराविक दिवस, आणि काम करीत असतां झालेल्या अपघातामुळें जे दिवस माणूस येऊं शकला नाहीं तेही दिवस काम केल्यासारखेच मोजावयाचे. ज्या रविवारांचें व सुट्यांचें वेतन मिळतें तेही मोजावे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८५ साली ठरविलें होतें. २३१ आणि २३ मिळून २५४ होतात. म्हणजे तिसरें वर्षही भरलें होतें! शासननिर्णयाची तपासणी करणाऱ्या कार्यालयानें हा हिशेब मान्य केलाच असता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु अर्ज करण्यास, आणि अर्ज फेटाळला तर औद्योगिक न्यायालयांत जाण्यास, त्यांच्यापाशीं बळकट आधार होता. कारकुनानें मस्टरांतील फुल्या मोजल्या. फुली कां नाहीं हें त्यानें विचारलें नाहीं आणि यांनीं सांगितलें नाहीं. तो चिठोरा तीस वर्षें पिशवींत राहिला.

वाचकहो, येथें एक गोष्ट सांगून टाकतों. कोणत्याही संस्थेंत दिवसांची मोजणी करतांना केवळ हजेरीची बेरीज करून थांबूं नये. प्रत्येक तुटीपुढें 'कां' असा रकाना असावा. मालकानें मुद्दाम घातलेला खंड एका जातीचा असतो आणि माणसानें स्वतः केलेली गैरहजेरी दुसऱ्या जातीची. एकोणनव्वद दिवसांचा हुकूम द्यावयाचा, एक दिवस घरीं बसवावयाचें, आणि पुन्हां एकोणनव्वद दिवसांचा हुकूम काढावयाचा, ही चाल अनेक संस्थांत पाहिली आहे. ती चतुराई आहे अशी समजूत असते. न्यायालयापुढें मात्र ती चाल हेतूचा पुरावा म्हणूनच उभी राहते.

असो. १९९६ नंतर आमचे गृहस्थ पुन्हां रोजंदारीवरच राहिले, आणि खात्यानें कामावर घेण्याचें थांबविलें नाहीं. मध्यंतरीं, १० एप्रिल २००६ रोजीं, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें उमादेवी खटल्यांत असें ठरविलें कीं, रीतसर भरती न होतां आलेल्या तात्पुरत्या माणसांस केवळ पुष्कळ वर्षें झालीं म्हणून सरकारी सेवेंत कायम करण्याचा हुकूम न्यायालयांनीं देऊं नये. ज्यांनीं मंजूर पदांवर दहा वर्षें काढलीं आहेत, त्यांच्यापुरता एकवेळचा अपवाद ठेवला. हा निकाल पुढें करून देशभर कार्यालयांनीं दारें लावून घेतलीं. त्यांतून वाट काढली ती २००९ साली महाराष्ट्रांतल्याच एका खटल्यानें. एस.टी. महामंडळाच्या सफाई कामगारांचा तो खटला. त्यांत न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, मालकानें अनुचित प्रथा अवलंबिली असेल तर ती दूर करण्याचा औद्योगिक न्यायालयाचा अधिकार उमादेवीच्या निकालानें गेलेला नाहीं. आणि डिसेंबर २०२४ मध्यें केंद्रीय जल आयोगाच्या सफाई कामगारांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें, वर्षानुवर्षें राबविलेल्या माणसांविरुद्ध उमादेवीचा निकाल ढालीसारखा वापरणाऱ्या कार्यालयांची चांगलीच कानउघाडणी केली.

वनमजुरांसाठीं दुसरा शासननिर्णय १६ ऑक्टोबर २०१२ रोजीं निघाला. १ नोव्हेंबर १९९४ पासून ३० जून २००४ पर्यंतच्या अवधींत ज्यांचीं दरसाल २४० दिवसांप्रमाणें पांच वर्षें भरतात अशा साडेसहा हजार मजुरांस १ जून २०१२ पासून कायम करण्याचें ठरलें. आमच्या गृहस्थांचीं या अवधींत सात वर्षें भरत होतीं. यांचें नांव यावेळीं वरच्या यादींत आलें. त्या रात्रीं गांवांत त्यांनीं गूळ वांटला.

आतां वेतनाकडे वळूं. चतुर्थ श्रेणीच्या नोकरास त्यावेळीं ४४४० ते ७४४० ही वेतनश्रेणी आणि १३०० रुपये श्रेणीवेतन असे. प्रारंभीचें मूळ वेतन दोहोंची बेरीज, म्हणजे ५७४० रुपये. त्यावर त्या काळचा महागाई भत्ता ६५ टक्के, म्हणजे ३७३१. एकूण ९४७१, आणि घरभाडें निराळें. रोजंदारीवर, उदाहरणापुरता दिवसाला दोनशे रुपये दर धरला तर, महिन्याचे सव्वीस दिवस भरल्यास ५२०० होतात. आणि ताप आला कीं तेही नाहींत. तेव्हां लाभ झाला यांत शंका नाहीं. परंतु हें वेतन कोणाचें? काल लागलेल्या नव्या नोकराचें. तेवीस वर्षें जंगलांत काढलेल्या माणसाला श्रेणीच्या पहिल्या पायरीवर उभें केलें, कारण वेतनवाढी कायम झाल्याच्या तारखेपासून मोजल्या जातात. पुढें २६ ऑक्टोबर २०१६ रोजीं, पंजाब राज्याच्या एका प्रकरणांत, सर्वोच्च न्यायालयानें असेंही ठरविलें कीं, कायम नोकराचेंच काम करणाऱ्या तात्पुरत्या माणसाला कायम होण्यापूर्वींही त्या श्रेणीचें किमान वेतन मिळालें पाहिजे. वेतनवाढी मात्र त्यांतही नाहींत. म्हणून ज्या संस्थेला जुन्या माणसाला न्याय द्यावयाचा आहे, तिनें ठरावांतच लिहावें कीं मागील अमुक वर्षांच्या अमुक वेतनवाढी देऊन त्याचें वेतन अमुक आंकड्यावर निश्चित केलें. असा ठराव नसेल तर लेखापाल त्याला पहिल्या पायरीवरच ठेवील, आणि त्यांत लेखापालाचा दोष नाहीं.

खरें नुकसान वेतनांत नाहीं. तें पुढेंच आहे. राज्य शासनानें १ नोव्हेंबर २००५ रोजीं आणि त्यानंतर सेवेंत येणारांसाठीं जुनें निवृत्तिवेतन बंद करून अंशदानाची योजना लागू केली. जुन्या नियमांत नोकरानें कांहीं भरावयाचें नसे. दहा वर्षें सेवा झाली कीं निवृत्तिवेतनाचा हक्क येई आणि वीस वर्षें झाल्यास शेवटच्या वेतनाच्या निम्मी रक्कम, वर महागाईची भर, मरेपर्यंत. मागें पत्नीला कुटुंबनिवृत्तिवेतन. नव्या योजनेंत दरमहा वेतन व महागाई भत्त्याचे दहा टक्के कापावयाचे आणि शासनानें आपला हिस्सा घालावयाचा. आमच्या गृहस्थांच्या पहिल्याच पगारांतून या हिशेबानें ९४७ रुपये जावयाचे. निवृत्तीच्या वेळीं जें सांचेल त्यांतला कांहीं भाग रोख आणि उरलेल्यांतून विकत घेतलेली वार्षिकी. अकरा वर्षांत चतुर्थ श्रेणीच्या वेतनांतून सांचून सांचून किती सांचणार?

१९८९ साली लागलेल्या माणसाची 'सेवेंत आल्याची तारीख' कागदावर १ जून २०१२ झाली, आणि त्यामुळें तो २००५ च्या रेषेच्या पलीकडे गेला. सोबती १९९६ च्या निर्णयानें रेषेच्या अलीकडे राहिला. दोघांची रोपवाटिका एक, राबणूक एक. मधें नऊ दिवसांच्या न मांडलेल्या फुल्या. त्यांच्या प्रश्नाचें उत्तर एवढेंच होतें. तें सांगतांना आम्हांस बरें वाटलें नाहीं. त्यांनीं ऐकून घेतलें आणि बराच वेळ तो चिठोरा हातांत धरून ते बसले.

कागदपत्रांविषयीं आणखी थोडें लिहितों, कारण पिशवींत पुष्कळ कागद होते आणि प्रत्येकांत कांहींतरी शिकण्यासारखें होतें.

पहिला कागद सेवापुस्तकाच्या पहिल्या पानाचा. जन्मतारीख १ जुलै १९६३. एवढ्या मजुरांचा जन्म १ जुलैचाच कसा, असें नवख्यास वाटेल. नियम असा कीं, जन्माचें केवळ वर्ष ठाऊक असेल तर त्या वर्षाची १ जुलै धरावी. महिना ठाऊक असून दिवस ठाऊक नसेल तर त्या महिन्याची १६ तारीख धरावी. चतुर्थ श्रेणीचा नोकर साठाव्या वर्षीं निवृत्त होतो, आणि जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा असेल तर मागील महिन्याच्या अखेरच्या दिवशींच होतो. म्हणून हे ३० जूनला निवृत्त झाले. वार्षिक वेतनवाढ १ जुलैची! एका दिवसानें तीही चुके, आणि त्यासाठीं लोकांस सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावें लागलें. २०२३ च्या एप्रिलांत तेथें नोकरांच्या बाजूनें निकाल लागला. जन्मतारीख चुकली असेल तर ती सुधारण्याचा अर्ज सेवेंत आल्यापासून पांच वर्षांच्या आंत करावा लागतो. निवृत्तीच्या आदल्या वर्षीं शाळेचा दाखला शोधीत आमच्याकडे येणारे पालक आम्ही पुष्कळ पाहिले. दाखला मिळतो, उपयोग होत नाहीं. कायम केल्याचा हुकूम हातीं येतांच पहिलें काम म्हणून सेवापुस्तकाचें पहिलें पान डोळ्यांनीं पाहावें.

दुसरे कागद मस्टरांच्या नकला. त्यांत एकाच माणसाचें नांव कोठें मारोती, कोठें मारुती, कोठें नुसतें मारू असें लिहिलेलें असतें. बापाचें नांव एका वर्षीं आहे, दुसऱ्या वर्षीं नाहीं. आंगठा मात्र तोच. अशा वेळीं 'हे सर्व एकच' असें प्रतिज्ञापत्र आणि गांवच्या दोन माणसांची साक्ष लागते. तें यादी निघण्यापूर्वीं करावें, मागाहून नव्हे.

आणि हीं मस्टरें मिळवावयाचीं कोणीं? येथें दोन निकाल शेजारीं ठेवून वाचावे. कर्नाटकांतील एका वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या खटल्यांत, २००२ साली, सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, २४० दिवस काम केलें हें सिद्ध करण्याचा भार मजुरावर आहे. त्याचें स्वतःचें प्रतिज्ञापत्र तेवढ्यानें पुरत नाहीं. मजुराच्या हातीं पावती नसते, हजेरीपट सगळे कार्यालयांत. मग तो सिद्ध काय करणार? २००५ च्या नोव्हेंबरांतील येल्लट्टी खटल्यांत याचें उत्तर आलें. मजुरानें साक्ष द्यावी आणि कार्यालयाकडून मस्टरें मागवावीं. कार्यालयानें तीं सबळ कारणाशिवाय दडविलीं तर न्यायालयास त्याविरुद्ध अनुमान काढतां येतें, मात्र तें प्रकरण पाहून. म्हणजे मागणी लेखी केलेली असली पाहिजे. माहितीच्या अधिकाराखालीं दहा रुपयांच्या शुल्कावर असा अर्ज करतां येतो, आणि तीस दिवसांत उत्तर देणें कार्यालयास भाग असतें. अर्जांत 'माझे सर्व मस्टर द्या' असें मोघम लिहूं नये. परिक्षेत्राचें नांव, कामाचें नांव, गट किंवा कूप क्रमांक, महिना व वर्ष लिहावें. कारण मस्टरें माणसाच्या नांवानें लावलेलीं नसतात, कामाच्या नांवानें लावलेलीं असतात. आमच्या गृहस्थांस कूपांचे क्रमांक तोंडपाठ होते. तीस वर्षांमागचे! त्यांवरूनच दोन हरवलेलीं वर्षें सांपडलीं.

नव्यानें हा विषय हातीं घेणारांनीं एक ध्यानांत ठेवावें. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंधांची नवी संहिता लागू झाली आणि १९४७ चा कायदा व स्थायी आदेशांचा १९४६ चा कायदा तिच्यांत विलीन झाले. २४० दिवसांची व्याख्या तिच्यांतही आहे. मात्र जे दिवस जुन्या कायद्याच्या काळांत भरले त्यांचा दावा कोणत्या कायद्यानें चालवावा, हें वकिलास विचारूनच पाऊल टाकावें.

आमच्या ग्रंथालयाच्या मंडळापुढें गेल्या आठवड्यांत असाच विषय होता. चौदा वर्षें तात्पुरता असलेला शिपाई. चिटणीस म्हणाले, "येत्या एप्रिलपासून कायम करूं, नवें वर्ष, हिशेबाला सोपें." आम्ही विचारलें, सोपें कोणाला? पुष्कळ बोलणें झालें. शेवटीं ठराव असा लिहिला: अमुक तारखेपासून कायम, मागील चौदा वर्षांची सेवा उपदानासाठीं, म्हणजे ग्रॅच्युइटीसाठीं, आणि रजेसाठीं अखंड धरावी, सात वेतनवाढी देऊन वेतन निश्चित करावें, २०१७ सालचा दोन महिन्यांचा खंड ग्रंथालयाची इमारत दुरुस्तीसाठीं बंद असल्यामुळें पडला, तो सेवेंत मोडला असें समजूं नये. चौदा मागितल्या असतां सातच वाढी कां, याचें उत्तर ग्रंथालयाच्या तिजोरींत आहे. आम्हांस तें पटलें नाहीं, पण बहुमत झालें. ठरावाची एक नक्कल शिपायाच्या हातीं दिली आणि पोंच म्हणून त्याची सही घेतली.

गृहस्थ निघतांना त्यांनीं एक गोष्ट सांगितली. त्यांचा धाकटा, आमचा विद्यार्थी, त्याच रोपवाटिकेंत कामाला आहे, पण आतां मस्टर खात्याचें नाहीं, कंत्राटदाराचें आहे. कंत्राटदाराच्या मस्टरावरचे दिवस खात्याचे म्हणावे कीं नाहीं, हा याहूनही कठीण विषय आहे आणि त्यावर पुढें केव्हां तरी लिहूं. तूर्त आम्ही शाळेंतली एक उरलेली शंभर पानी वही त्यांच्याजवळ दिली. तारीख, काम, जागा, कोणाच्या सांगण्यावरून, मजुरी किती आणि कोणत्या दिवशीं खात्यांत आली, असे रकाने आंखून दिले. सहावा रकाना 'आलों नाहीं तर कां' असा आहे. परवां मुलगा ती वही दाखवावयास आला होता. महिन्याचे पंचवीस दिवस भरलेले. एका दिवसापुढें 'पाय मुरगळला, पाणी नेतांना' असें लिहिलें होतें, आणि दवाखान्याची चिठ्ठी त्याच पानाला टांचणीनें लावलेली होती.